घरमालकाची नोटीस : भाडं थकलं, ओटाही फुटला

'नोटीस' म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक हॉस्टेलच्या बोर्डावरची आणि दुसरी सिनेमातली, जिच्यात घरमालक सामान रस्त्यावर फेकतो. खरी नोटीस मात्र बरीचशी आपल्या लॅब रिपोर्टसारखी असते. काय मोजलं, कसं मोजलं आणि निष्कर्ष काय, इतकंच तिच्यात हवं. आजोबांच्या नाशिकमधल्या जुन्या घरासाठी २०२४ साली अशी एक नोटीस तयार करायचं काम माझ्याकडे आलं. वकिलांनी ती तपासून दिली, पण आकडेमोड आणि मसुदा माझा. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, त्यामुळे 'थकबाकी' आणि 'मागणी' यांच्यातला फरकही तेव्हाच कळला!

आधी परिस्थिती सांगते. तळमजल्यावरच्या दोन खोल्या २०१५ पासून एका कुटुंबाकडे भाड्याने होत्या. करार लेखी आणि नोंदणी केलेला. भाडं महिना ३,२०० रुपये, डिपॉझिट १०,००० रुपये. भाडेकरू काका एका वर्कशॉपमध्ये कामाला होते. ते काम सुटलं आणि जून २०२४ पासून भाडं थांबलं. जुलैत त्यांनी १,५०० रुपये आणून दिले, त्यानंतर काहीच नाही. त्यातच ओट्याचा कडप्पा फुटलेला आजोबांना दिसला. ते भडकले. त्यांनी स्वतः लिहिलेल्या कागदावर मजकूर होता, "तीन दिवसांत सगळे पैसे द्या, नाहीतर पाणी बंद करीन व कुलूप लावीन."

हा कागद गेला असता तर अडचणीत आजोबाच आले असते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे भाडं थकलं म्हणून घर रिकामं करून मागायचं असेल, तर आधी थकबाकीची लेखी मागणी करावी लागते. ती मिळाल्यापासून ९० दिवस उलटेपर्यंत दावाच लावता येत नाही. तीन दिवसांच्या मुदतीला इथे अर्थ नाही. पाणी-वीज तोडायला तर त्याच कायद्याचं कलम २९ मनाई करतं. आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय कुलूप लावलं, तर तक्रार करायचा हक्क उलट भाडेकरूला मिळतो.

म्हणून पहिलं काम हिशोबाचं. जून ते ऑक्टोबर पाच महिने, प्रत्येकी ३,२०० म्हणजे १६,००० रुपये. त्यातून जुलैत मिळालेले १,५०० वजा केले की राहतात १४,५००. आजोबा म्हणाले, "सोळाच लिही गं, नंतर बघू." मी नाही लिहिलं. त्या १,५०० ची पावती आजोबांनीच दिलेली होती. (भाड्याची पावती देणं हे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, हे हॉस्टेल सोडून खोली घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) ज्या नोटिशीतला पहिलाच आकडा समोरचा माणूस पावती दाखवून खोटा ठरवू शकतो, तिच्यातल्या बाकीच्या आकड्यांवर मग कोण विश्वास ठेवणार?

दुसरं काम नुकसानीचं, आणि इथे आपलं इंजिनिअरिंग थोडं उपयोगाला आलं. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मध्ये म्हटलंय की भाडेकरूने जागा जशी मिळाली तशी राखायची आणि परत द्यायची, पण वाजवी वापराने होणारी झीज त्यातून वगळायची. प्रश्न असा की झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं? काकांना आदल्या दिवशी विचारून आम्ही त्यांच्यासमोरच घर पाहिलं आणि यादी केली.

दारापासून मोरीपर्यंत शहाबादी फरशी गुळगुळीत होऊन थोडी खोलगट झालेली होती. ही झीज. ती चालायच्या वाटेवर, पसरलेली आणि सगळीकडे सारखी असते. फोटो लावायचे खिळे आणि फिका पडलेला रंग हीसुद्धा झीजच. आतल्या भिंतीवर मोठा ओलीचा डाग होता. त्याची रेघ वरून खाली आलेली, म्हणजे पाणी गच्चीचं. ती दुरुस्ती मालकाची, सबब ती आमच्याच नावावर लिहिली. आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

कोपऱ्यातल्या तीन फरशा मात्र वेगळ्या दिसत होत्या. पांढरट, खरखरीत, खड्डे पडलेल्या, आणि बरोबर इन्व्हर्टरच्या बॅटरीखाली. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड सांडलं की तो फसफसतो आणि वर जिप्समची पांढरी भुकटी उरते. पायांनी अशी झीज कधीच होत नाही. ओट्याच्या कडप्प्याला गेलेले तडे एका बिंदूतून चांदणीसारखे फाकलेले होते, म्हणजे वरून घाव बसलेला. आधाराची भिंत खचली असती तर तडा आधाराच्या कडेने, बहुधा एकाच रेषेत गेला असता. काकूंनी लगेच सांगितलं, "नारळ फोडला होता तिथं." खिडकीच्या दोन काचाही फुटलेल्या होत्या.

आता किंमत. गवंड्याने नव्या ओट्याचे ५,००० सांगितले, म्हणून भाडेकरूकडून ५,००० घ्यायचे का? नाही. ओटा २०१४ साली बसवलेला, म्हणजे दहा वर्षं वापरलेला. त्याचं आयुष्य आम्ही २५ वर्षं धरलं. फुटलं ते उरलेलं पंधरा वर्षांचं आयुष्य, म्हणजे ५,००० चे १५/२५, अर्थात ३,००० रुपये. तीन फरशांचा खर्च मजुरीसकट २,४००. त्या ३० वर्षं जुन्या, आयुष्य ५० धरलं, म्हणून २०/५० ने ९६० रुपये. मजुरीलाही हाच गुणाकार लावला, कारण फरशी कधी ना कधी बदलायची झालीच असती आणि तेव्हाही गवंडी आलाच असता. काच जुनी झाली म्हणून तिची किंमत फारशी कमी होत नाही, म्हणून तिचे पूर्ण ६०० धरले. एकूण ४,५६० रुपये. हे २५ किंवा ५० वर्षांचे आकडे कायद्यात कुठेही नाहीत. ते आमचे अंदाज होते. म्हणूनच नोटिशीत ते उघडपणे लिहिले, म्हणजे समोरच्याला पटले नाहीत तर तसं म्हणता येतं.

तिसरी गोष्ट, दोन मागण्यांची भेळ करायची नाही. भाडं आणि नुकसान यांचे कायदे वेगळे, परिणाम वेगळे. सगळं मिळून १९,०६० असा एकच आकडा टाकला तर भाड्याची थकबाकी नेमकी किती, हे धूसर होतं, आणि ९० दिवसांचं घड्याळ तर तिच्यासाठीच चालू व्हायचं असतं. नुकसानीसाठी कलम १०८ मध्ये वेगळी सोय आहे. भाडेकरूच्या कृतीने झालेला दोष मालकाने कळवला की तीन महिन्यांत भाडेकरूने तो दुरुस्त करून द्यायचा. म्हणजे पैसेच द्यायला हवेत असं नाही, ओटा स्वतः बसवून दिला तरी चालतो. डिपॉझिटही आम्ही मध्ये आणलं नाही. ते घर सोडतानाच्या हिशोबासाठी असतं. आत्ताच वळतं केलं तर पुढे हातात काहीच उरत नाही.

शेवटी नोटीस अशी झाली :

"श्री. ______ यांस, स.न.वि.वि.

आपण दि. १ जून २०२४ ते ३१ ऑक्टोबर २०२४ या पाच महिन्यांचे भाडे दरमहा रु. ३,२०० प्रमाणे रु. १६,००० देणे होते. पैकी जुलैमध्ये रु. १,५०० पावतीने मिळाले. बाकी रु. १४,५०० ही नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांत द्यावेत. न दिल्यास जागेचा ताबा व थकबाकी यांसाठी कोर्टात दावा करावा लागेल. पुढील महिन्यांचे भाडे नियमितपणे वेगळे द्यावे.

आपल्यासमोर केलेल्या पाहणीत ओटा, तीन फरशा व दोन काचा यांचे नुकसान आढळले. तपशील, फोटो व हिशोब सोबत आहेत. तीन महिन्यांत आपण ते त्याच दर्जाचे दुरुस्त करून द्यावे, अथवा रु. ४,५६० द्यावेत. फरशीची झीज, खिळे व भिंतीची ओल यांबद्दल आमची मागणी नाही. ओलीची दुरुस्ती आम्ही करू.

एकदम देणे कठीण असल्यास थकलेले भाडे दि. ३० नोव्हेंबर रु. ५,०००, ३१ डिसेंबर रु. ५,००० व ३१ जानेवारी रु. ४,५०० असे दिल्यास स्वीकारू. हप्ता स्वीकारल्याने ही नोटीस मागे घेतली असे होणार नाही. यातील कोणताही आकडा मान्य नसल्यास कृपया लेखी कळवावे."

शेवटून दुसरं वाक्य वकिलांनी घातलं. सवलत द्यायची, पण मुदतीचं घड्याळ थांबवायचं नाही. तिन्ही हप्ते ९० दिवसांच्या आतच बसवले होते, हेही लक्षात आलं असेल.

नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने पोचपावतीसह गेली. (२०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टने, पोच मिळेल अशा सोयीने पाठवायची.) ती १३ नोव्हेंबरला मिळाली. दिवस मोजायचे ते मिळाल्यापासून, लिहिल्यापासून नव्हे. त्या हिशोबाने नव्वदावा दिवस ११ फेब्रुवारी २०२५ येत होता, म्हणजे त्याआधी दावा नाही.

दावा लागलाच नाही. काकांनी पहिला हप्ता चार दिवस उशिरा दिला, बाकीचे वेळेवर. ओटा त्यांनी ओळखीच्या गवंड्याकडून बसवून घेतला, तो गवंड्याच्या मूळ भावापेक्षा स्वस्तात झाला. फरशी आणि काचांचे १,५६० रुपये मार्चमध्ये मिळाले. आणि आजोबांना गच्चीचं वॉटरप्रूफिंग करावं लागलं, कारण लेखी दिलं होतं ना!

आता हॉस्टेल सोडून बाहेर फ्लॅट घेणाऱ्यांसाठी. तुमचा करार बहुतेक 'लिव्ह अँड लायसन्स'चा असतो, भाडेकरारनाम्याचा नव्हे. तिथे वरचं ९० दिवसांचं संरक्षण नाही. करारातच किती दिवसांची नोटीस आहे ते वाचा. मुदत संपल्यावर जागा अडवली तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने भरपाई लागू शकते. झीज की नुकसान हा वाद मात्र तिथेही असाच होतो, आणि तिथे डिपॉझिट मालकाच्या हातात असतं. म्हणून सामान लावायच्या आधी रिकाम्या घराचे तारखेसह फोटो काढा, दोषांची यादी करा आणि तिच्यावर मालकाची सही घ्या. आमच्याकडे २०१५ ची अशी एक पानाची यादी होती. तिच्यात 'ओटा : चांगला' असं लिहिलेलं होतं, म्हणून ओट्याबद्दल कुणालाच भांडावं लागलं नाही.