स्टाफरूमच्या फळ्यावर काय लिहू?

अगं, मागे पडणाऱ्या मुलांबद्दल धीर देणारं काहीतरी लिही, असं तुला सांगितलंय ना? मग कळी, फूल, दिवा यांना हात लावू नकोस. सलग चार तास घेऊन आलेल्या बाईला चहा पिताना फुलांचा रागच येतो. तिला पुढच्या तासाला उपयोगी पडेल असं एखादं वाक्य हवं असतं.

पहिलं हे लिही: ‘उत्तर चुकलं? रागावण्याआधी विचारा, कसं काढलंस?’

तिसरीतला मुलगा ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहितो. आपण म्हणतो, लक्ष नाही. त्याला मोठ्यानं करायला सांग. तो म्हणेल, सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. म्हणजे लहान अंक मोठ्यातून काढायचा, असा त्याचा पक्का नियम आहे! बिनहातच्याची गणितं याच नियमानं बरोबर येतात, म्हणून तो सोडतही नाही. अशा वेळी वहीत वीस गणितं घातलीस तर चूकच पाठ होईल. त्यापेक्षा दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या दे, आणि त्यातल्या सत्तावीस माग. सुट्या सात काही निघत नाहीत. थोडा चुळबुळेल, मग गठ्ठ्याचं रबर स्वतःच काढेल. आता सुट्या बारा. सात दिल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतले दोन दिले, दोन उरले. पंचवीस. रबर त्यालाच काढू दे हं, आपला हात फार शिवशिवतो.

दुसरं वाक्य: ‘प्रश्न विचारलात ना? मग मनात तीनपर्यंत मोजा.’ मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७०च्या दशकात वर्गातली ही शांतता मोजली होती. शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांना दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. करून बघ, तीन सेकंद भारी लांब वाटतात. तेवढ्यात पुढच्या बाकावरचा हुशार हात वर येतोच; त्याला नजरेनंच थांबव.

तिसरं जरा खोचक आहे, पण लिहीच: ‘तेच मोठ्या आवाजात सांगितलं म्हणजे वेगळं सांगितलं असं होत नाही.’ कोणाकडे बघून लिहिलंय, असं विचारतील. माझं नाव सांग.

आणि हे विसरू नकोस: ‘धीर धरण्याआधी डोळे तपासून घ्या.’ पुस्तकातलं नीट उतरवणारं मूल फळ्यावरचं सारखं चुकवत असेल, तर त्याला पुढे बसव आणि पालकांना त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांग. तिथे तुझ्या धीराचा काय उपयोग?

एका वेळी एकच वाक्य लिही, चहाच्या थर्मासच्या वर, मोठ्या अक्षरात. पंधरा दिवसांनी बदल, नाहीतर बसच्या वेळापत्रकासारखं कोणी वाचणारही नाही.