सिमेंट बोर्ड आणि कॅल्शियम सिलिकेट बोर्ड: जळत नाहीत, पण पाणी पितात

फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनच्या धंद्यात उतरलात की एक वाक्य सारखं ऐकायला मिळतं: "असा बोर्ड द्या, जो जळणार नाही आणि पाण्यानेही खराब होणार नाही." आपण फायबर सिमेंट किंवा कॅल्शियम सिलिकेट बोर्ड दाखवतो आणि बिलावर लिहून मोकळे होतो: 'फायरप्रूफ, वॉटरप्रूफ'. हे दोन शब्द पुढे किती महाग पडू शकतात, ते आज एका कामाच्या हिशोबातून बघू.

समजा, चिपळूणमध्ये एका स्नॅक्स सेंटरचं किचन आहे, १२ बाय १० फुटांचं. खाली गॅसची भट्टी आणि तळण, वर पहिल्या मजल्यावरचं बाथरूम. मालकाला सीलिंग हवंय आणि सिंकमागची भिंतही झाकायची आहे.

आधी माल समजून घ्या. फायबर सिमेंट बोर्ड म्हणजे सिमेंट, सिलिका किंवा फ्लाय अ‍ॅश आणि लाकडाच्या लगद्याचे बारीक तंतू. कॅल्शियम सिलिकेट बोर्डात मुख्यतः चुना आणि सिलिका असते, थोडे तंतू असतात आणि तो दाबाच्या वाफेत पक्का केलेला असतो. पहिला जड आणि घट्ट, दुसरा हलका आणि जास्त सच्छिद्र. ८ बाय ४ फुटांची ८ मिमी सिमेंट शीट साधारण ३० किलो भरते, तर ६ मिमी कॅल्शियम सिलिकेट शीट साधारण १७ किलो. म्हणून आपल्या कामात सीलिंगला कॅल्शियम सिलिकेट आणि सिंकमागे सिमेंट बोर्ड. शीट किती लागतील? तीन पूर्ण शीट लावल्या की १२ बाय ८ झाकलं जातं. उरलेली २ फुटांची पट्टी चौथी शीट उभी चिरून निघते. चार शीटमध्ये सीलिंग झालं.

आता ओलीकडे येऊ. जिप्सम बोर्ड सतत ओला राहिला की मऊ पडतो, त्याचा कागद सुटतो. हे दोन्ही बोर्ड तसे विरघळत नाहीत, कुजून गळत नाहीत. पण ते पाणी पितात. स्वतः करून बघा. ६ मिमी कॅल्शियम सिलिकेटचा एक फूट बाय एक फूट तुकडा वजन करा, साधारण ५३० ग्रॅम भरेल. २४ तास पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा. समजा ७७० ग्रॅम आलं, तर त्याने स्वतःच्या वजनाच्या ४५ टक्के पाणी घेतलं. आपलं सीलिंग सुकं असताना ६४ किलोचं आहे. तेच पूर्ण भिजलं तर ९० किलोच्या पुढे जाईल. आणि ओला बोर्ड सुक्यापेक्षा वाकायला कमी ताकदीचा असतो. वजन वाढतं, ताकद घटते, म्हणून दोन चॅनलच्या मध्ये पोट सुटतं.

दुसरी गोष्ट हालचालीची. ओला झाला की बोर्ड किंचित फुगतो, सुकला की आकसतो. मीटरला १ मिमी धरा, म्हणजे ८ फुटी शीटमागे जवळपास अडीच मिमी. जुलैमध्ये गोडाऊनमधली दमट शीट तशीच लावली, तर हिवाळ्यात ती सुकते आणि प्रत्येक जॉइंटवर सरळ रेघ उमटते. कस्टमर म्हणतो "बोर्ड फुटला". बोर्ड ठीक असतो, जॉइंट उघडलेला असतो. म्हणून माल जमिनीवर न ठेवता लाकडी पट्ट्यांवर आडवा, झाकून ठेवा. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली शीट वाकते.

मग आगीचं काय? बोर्ड जळत नाही, ही एक गोष्ट झाली. आग किती मिनिटं अडवली जाईल, ही दुसरी. बीएस ४७६ भाग ४ चा रिपोर्ट फक्त 'हे मटेरिअल जळत नाही' एवढं सांगतो. मिनिटांचं रेटिंग भाग २२ सारख्या चाचणीतून येतं आणि ते पूर्ण रचनेला मिळतं: बोर्डाची जाडी, फ्रेम, आतला रॉकवूल, स्क्रूचं अंतर, जॉइंटची भरणी. यातलं काहीही बदललं तर ते रेटिंग तुमच्या कामाला लागू होत नाही.

ओल नेमकी इथेच घात करते. जीआय चॅनल गंजतो, स्क्रूची पकड सुटते, जॉइंट उघडतो. आगीत अशी शीट खाली आली की तिची जाडी किती होती याला अर्थ उरत नाही. शिवाय घट्ट सिमेंट बोर्डात पाणी मुरलेलं असेल, तर अचानक तापल्यावर आतल्या वाफेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि बोर्ड तडकू शकतो.

म्हणून आपल्या कामाचा क्रम असा. आधी वरच्या बाथरूमची गळती बंद करून घ्या आणि स्लॅब सुकू द्या. नाहीतर सीलिंग फक्त गळती लपवेल. सुक्या शीटला मागून, पुढून आणि चारही कडांना अल्कली सहन करणारा प्रायमर मारा. एकाच बाजूला रंग लावला तर दुसरी बाजू ओल घेते आणि शीट वाकते. शीटमध्ये ३ मिमी फट ठेवा, त्यात बोर्ड कंपनीने सांगितलेलं जॉइंटिंग कंपाउंड आणि फायबर जाळीची टेप वापरा. जिप्सम पावडर इथे नको. स्क्रू गंजरोधक असावेत. सिंकमागचा बोर्ड जमिनीपासून १० मिमी वर ठेवा, नाहीतर फरशी धुतल्याचं पाणी खालच्या कडेतून वर चढतं. मिनिटांचं रेटिंग कबूल केलं असेल, तर दिव्यांची भोकं आणि तपासणीचं झाकणसुद्धा त्याच रेटिंगचं लागतं.

काम झाल्यावर तक्रार आली तर डागाचा आकार बघा. जॉइंटवर सरळ रेघ म्हणजे बोर्ड सुकून आकसलाय. ठरावीक अंतरावर तपकिरी ठिपके म्हणजे स्क्रू गंजतायत. गोल, कडेला गडद डाग म्हणजे वरून गळती. पांढरी भुकटी म्हणजे पाणी आतून क्षार घेऊन बाहेर येतंय. काळी बुरशी बहुतेक वेळा रंगावर आणि तेलकट थरावर असते, तिथे वाफ बाहेर काढायला एक्झॉस्ट लागतो. पहिल्या प्रकारात जॉइंट खरवडून पुन्हा भरता येतो. ठिपके किंवा गोल डाग दिसला तर मात्र एक शीट उघडून फ्रेम बघितल्याशिवाय वरून रंग मारू नका.

माल घेताना डीलरला एक प्रश्न नक्की विचारा: आयएस १४८६२ प्रमाणे शीट टाइप ए आहे की टाइप बी? ऊन-पाऊस थेट लागणाऱ्या जागेसाठी टाइप ए असते, टाइप बी आतल्या कामासाठी. ऊन-पाऊस थेट लागणाऱ्या जागी टाइप बी लावून दिली, तर दोष मालाचा नसतो, निवडीचा असतो.

आणि क्वोटेशनवर 'फायरप्रूफ, वॉटरप्रूफ' ऐवजी असं लिहा: "बोर्ड न जळणारा. ओल सहन करतो, पाणी अडवत नाही. वरची गळती बंद करणे मालकाकडे. आगीचं रेटिंग जोडलेल्या रिपोर्टमधील रचनेप्रमाणे काम केल्यासच लागू." ही चार वाक्यं वाचून कस्टमर प्रश्न विचारेल. ते प्रश्न काम सुरू होण्याआधी आलेले बरे, पावसाळ्यानंतर आले की उत्तर तुमच्या खिशातून द्यावं लागतं.