घरातलं मीठ बदलण्याआधी

गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी कितीतरी घरांत मीठ बदललं आहे. कुणाकडे गुलाबी मीठ आलं, कुणी उपवासापुरतं ठेवलेलं शेंदेलोण रोजच्या आमटीत घालायला लागलं, कुणी गावाकडून जाडं मीठ मागवतं. हे सगळं आपण मुलांच्या काळजीपोटीच करतो. ‘कारखान्यातलं मीठ नको’ असा एखादा मेसेज येतो. डबा, शाळेची रिक्षा, ऑफिस या गडबडीत तो खरा की खोटा हे बघायला सवड नसते. मग निदान एवढं तरी चांगलं करू, म्हणून आपण पाकीट बदलतो.

पण त्या जुन्या पाकिटाबरोबर आयोडीनही घरातून जातं. आणि ते गेल्याचं चवीवरून, रंगावरून, वासावरून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून आज तुमच्याशी याबद्दलच बोलावंसं वाटलं.

गळ्याच्या पुढच्या बाजूला, खालच्या भागात थायरॉइड नावाची छोटीशी ग्रंथी असते. ती थायरॉक्सिन तयार करते. मुलाची उंची वाढणं, अंगात ऊब राहणं, पोट साफ होणं आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मेंदू घडणं, हे सगळं या थायरॉक्सिनवर चालतं. त्याच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नसेल तर थायरॉक्सिन बनू शकत नाही, आणि शरीराला आयोडीन स्वतः तयार करता येत नाही. ते खाण्यातूनच यावं लागतं.

ते कमी पडलं की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूष ग्रंथी थायरॉइडला सारखी ‘अजून बनव, अजून बनव’ अशी हाक देत राहते. डॉक्टर रक्तात जे टीएसएच तपासतात, तीच ही हाक. बिचारी थायरॉइड मग मिळेल तेवढं आयोडीन पकडायला बघते आणि त्या खटपटीत स्वतःच वाढत जाते. गळ्यावर फुगवटा दिसू लागतो. तोच गलगंड.

गलगंड बहुतेकदा दुखत नाही, म्हणून मोठ्यांना त्याचं गांभीर्य वाटत नाही. मुलांना मात्र वाटतं. वयात येणाऱ्या मुलीला गळा फुगलेला दिसणं म्हणजे काय, हे आपण आठवून बघू या. ती ओढणी गळ्याभोवती घेऊन बसते, फोटोत मागे उभी राहते, वर्गात कुणी नाव ठेवलं तरी घरी सांगत नाही. आणि आपण मात्र तिला ‘हल्ली फार अबोल झालीस’ म्हणून बोलतो.

तरीही गलगंड हा या कमतरतेचा नुसता दिसणारा भाग आहे. खरं नुकसान दिसत नाही, आणि ते मूल जन्माला येण्याआधीच सुरू होतं.

पहिले साधारण 12 आठवडे पोटातल्या बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते. त्या काळात बाळाच्या मेंदूला लागणारं सगळं थायरॉक्सिन आईचं असतं. पुढे बाळाची ग्रंथी काम करू लागते, तेव्हाही आयोडीन आईकडूनच यायचं असतं. म्हणून मोठ्या माणसाला रोज 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरत असलं, तरी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आईला 250 लागतं. आता विचार करा, दिवस गेल्याचं कळून, डॉक्टरांकडे जाऊन, गोळ्या सुरू होईपर्यंत दीड-दोन महिने सहज निघून जातात. मेंदूची पायाभरणी तेव्हा चालूच असते. त्यामुळे मूल हवं असं ठरवलं, की तेव्हापासूनच घरातलं मीठ आयोडीनचं असायला हवं.

आईला आयोडीन खूपच कमी पडलं तर गर्भपात होऊ शकतो, कधी मूल मृत जन्मतं. जगलं तर त्याच्या मेंदूची वाढ कायमची खुंटलेली असू शकते. ऐकू न येणं, बोलता न येणं, डोळ्यांत तिरळेपणा, चालताना पाय कडक राहणं, उंची न वाढणं. ही इजा नंतर कितीही आयोडीन दिलं तरी भरून येत नाही. अशी मुलं संख्येने कमी असतात. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त मुलं अशी असतात की जी वरवर अगदी ठीक दिसतात, फक्त शिकलेलं पटकन डोक्यात शिरत नाही. आयोडीनची मोठी कमतरता असलेल्या भागांतल्या मुलांची तुलना पुरेसं आयोडीन मिळणाऱ्या मुलांशी केली, तेव्हा बुद्ध्यांकात सरासरी 12-13 गुणांचा फरक आढळला. अशा भागातलं एखादं मूल रोज ‘लक्ष नाही’, ‘आळशी आहे’ म्हणून बोलणी खात असेल, आणि त्या बिचाऱ्याचा त्यात काहीच दोष नसेल, हा विचार मला फार छळतो.

आता तुम्ही म्हणाल, मग मीठच का? त्याचं उत्तर हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिळालं. डोंगरउतारावरच्या मातीतलं आयोडीन पाऊस आणि बर्फाचं पाणी शतकानुशतकं धुऊन नेत आलं आहे. माती रिकामी, म्हणून पीक रिकामं, म्हणून दूधही रिकामं. तिथे गलगंड इतका घरोघरी होता की लोकांना त्याचं नवल उरलं नव्हतं. 1956 मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सुमारे एक लाख लोकवस्तीचे तीन विभाग केले. एका विभागात पोटॅशियम आयोडाइड घातलेलं मीठ दिलं, दुसऱ्यात पोटॅशियम आयोडेट घातलेलं आणि तिसऱ्यात साधंच. डोंगर तेच, पाणी तेच, खाणंही तेच.

पाच-सहा वर्षांनी शाळकरी मुलांचे गळे पुन्हा तपासले. आयोडीनचं मीठ मिळालेल्या दोन्ही विभागांत गलगंडाचं प्रमाण स्पष्टपणे खाली आलं होतं. साध्या मिठाच्या विभागात ते होतं तिथेच होतं. मग त्या तिसऱ्या विभागालाही आयोडीनचं मीठ सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत तिथेही गलगंड उतरला. माझ्या मते यापेक्षा सरळ पुरावा मिळणं अवघड आहे. देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला. आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली, 2000 मध्ये ती केंद्राने उठवली आणि 2006 पासून पुन्हा लागू झाली. दमट हवेत आयोडेट जास्त टिकतं, म्हणून आपल्याकडच्या मिठात तेच घालतात.

‘पण आपण समुद्राकाठची माणसं, आपल्या मिठागरातल्या मिठात आयोडीन असणारच,’ असं आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात आणि आयोडीन असतं फक्त 50-60 मायक्रोग्रॅम. सगळंच्या सगळं मिठात उतरलं तरी एका ग्रॅमला दोन मायक्रोग्रॅमही होत नाही, आणि प्रत्यक्षात मिठाचे खडे बनताना त्यातलंही बरंच मागच्या पाण्यात राहून जातं. शेंदेलोण आणि गुलाबी मीठ यांचंही तेच, वेगळं आयोडीन घातलं नसेल तर. समुद्राचे मासे खाणाऱ्या मुलाला थोडं आयोडीन माशांतून मिळतं, दूध-दही आणि अंड्यातूनही मिळतं. पण ताटातला मासा बाजूला सारणारं आणि दूध बघून नाक मुरडणारं मूल तर घरोघरी असतं!

जरा हिशेब करू. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज 120 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. ते दिवसभरात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर मीठ खातं असं धरू. कारखान्यातून निघताना एक ग्रॅम मिठात 30 मायक्रोग्रॅम आयोडीन असेल, तर पाच ग्रॅममधून 150 मिळालं. शिजवताना थोडं उडून गेलं तरी काम भागतं. तेच मीठ गॅसशेजारी, उघड्या बरणीत, ओलसर चमच्याने वापरत महिनोन्‌महिने राहिलं आणि आयोडीन 15 वर आलं, तर मिळतं 75. शेंदेलोण वापरलं तर जवळजवळ काहीच नाही.

म्हणून मीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, ओट्यावर वाफ लागणार नाही अशा जागी ठेवा आणि जमेल तेव्हा पदार्थ उतरवताना घाला. मिठात आयोडीन आहे का हे आशाताईंकडच्या तपासणी संचातल्या थेंबाने कळतं, मीठ निळं-जांभळं होतं. आणि आयोडीन हवं म्हणून जास्त मीठ मात्र खायचं नाही. कमी मीठ, पण आयोडीनचं.

उपवासाला शेंदेलोण वापरलंत म्हणून काही बिघडत नाही, थायरॉइडमध्ये पुरेसा साठा असतो. कोबी-फ्लॉवर आणि बाजरीत थायरॉइडला अडथळा करणारे घटक असतात हेही खरं, पण आयोडीन पुरेसं असेल तर त्यांची भीती नको. भाकरी खुशाल खाऊ द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मीठ देऊच नका, त्याला आयोडीन आईच्या दुधातून मिळतं. मीठ बघायचं ते आईच्या ताटातलं.

एक गोष्ट मात्र मनाला लावून घेऊ नका. थायरॉइडचा प्रत्येक त्रास आयोडीन कमी पडल्याने होत नाही. शहरांत दिसणाऱ्या कित्येक रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. काही बाळांची ग्रंथी जन्मतःच नीट घडलेली नसते. म्हणून नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन टीएसएच तपासायला सांगितलं तर टाळू नका. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर मेंदू वाचतो. मुलाची उंची थांबली, सतत थंडी वाजते, बद्धकोष्ठता जात नाही, पाणी गिळताना गळ्यावरचा फुगवटा वरखाली होताना दिसतो, तर डॉक्टरांना दाखवा. आयोडीनचे थेंब मनाने देऊ नका, ते जास्त झालं तरी थायरॉइड बिघडते.

आज स्वयंपाक करताना मिठाच्या पाकिटावर ‘आयोडीनयुक्त’ लिहिलं आहे का, एवढं वाचा. आणि तुमच्या घरात, शेजारी किंवा माहेरी कुणाला दिवस गेले असतील, तर तिच्या स्वयंपाकघरातलं पाकीट आधी बघा.