रजा मंजूर, उमेदवारी नामंजूर

श्रीवर्धनच्या बहुतेक घरांचा एक पाय मुंबईत असतो. कोणी महापालिकेत, कोणी बेस्टमध्ये, कोणी मंत्रालयात. गावाकडे निवडणूक लागली की यातल्या काहींच्या डोक्यात एक हिशेब सुरू होतो: महिनाभराची अर्जित रजा टाकायची, अर्ज भरायचा, निवडून आलो तर पुढचे पुढे, पडलो तर पुन्हा कामावर हजर. हिशेब सरळ दिसतो, पण त्याचा पायाच चुकलेला आहे. रजेने काम थांबते, पद थांबत नाही. रजेवरच्या माणसाला पगार मिळतो, त्याची सेवा मोजली जाते, तो हजेरीपटावर असतो. उमेदवारीला अडचण होते ती नेमकी या पदाची. तुम्ही त्या दिवशी कामावर होता की गावी, हे कायदा विचारत नाही.

विधानसभेसाठी राज्यघटनेचे कलम १९१ लाभाचे पद धारण करणाऱ्याला अपात्र ठरवते. नगरपरिषदेसाठी १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाचे कलम १६ आहे आणि ते शासनाच्या नोकराइतकेच स्थानिक प्राधिकरणाच्या नोकरालाही लागू होते. म्हणजे मुंबई महापालिकेतला कारकून श्रीवर्धन नगरपरिषदेला उभा राहू म्हणाला, तर ‘ती पालिका वेगळी, ही वेगळी’ हा त्याचा युक्तिवाद चालत नाही. (त्याचे नाव मुळात श्रीवर्धनच्या मतदारयादीत हवे, हे निम्मे चाकरमानी विसरतात ते वेगळेच.) याच्या जोडीला १९७९ चे महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियम आहेत. त्यांतला पाचवा नियम राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला पक्षाचे सदस्यत्वही घेऊ देत नाही. निवडणूक लढवण्यासाठी रजा असा प्रकारच त्याच्यासाठी नाही. त्याच्यापुढे वाट एकच आहे, नोकरी सोडण्याची. आणि ती वाट वाटते तेवढी छोटी नाही.

ती किती लांब आहे हे ऋतुजा लटके यांच्या प्रकरणात अख्ख्या महाराष्ट्राने पाहिले. आमदार रमेश लटके यांचे मे २०२२ मध्ये निधन झाले आणि अंधेरी पूर्वची जागा रिकामी झाली. त्यांच्या पत्नी मुंबई महापालिकेत नोकरीला होत्या. त्यांनी २ सप्टेंबरला दिलेले राजीनाम्याचे पहिले पत्र नियमात बसत नाही असे ठरले. दुसरे पत्र ३ ऑक्टोबरला गेले. नोटिशीचा काळ एक महिन्याचा, म्हणून त्याऐवजी महिन्याचा पगार त्यांनी भरला. पोटनिवडणूक जाहीर झाली तीही ३ ऑक्टोबरलाच. अर्जाची शेवटची तारीख होती १४ ऑक्टोबर आणि मतदान ३ नोव्हेंबरला. या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. नोटिशीचा महिना पुरा भरला असता तो थेट मतदानाच्या दिवशी! नोटीस माफ करायची की नाही हा आयुक्तांचा अधिकार असल्याची पालिकेची भूमिका होती, शिवाय एका तक्रारीची चौकशी प्रलंबित असल्याचेही सांगितले गेले. अखेर १३ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी सकाळी अकरापर्यंत राजीनामा स्वीकारल्याचे पत्र द्या, असा आदेश दिला. ते मिळाले, शेवटच्या दिवशी अर्ज भरला गेला आणि लटके निवडून आल्या.

या निकालाचा उलटा अर्थ काढणारे मला बरेच भेटतात. ‘बघा, कोर्ट देतेच की राजीनामा मंजूर करून!’ कोर्टाने दिला, पण शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी, आणि पाठीशी पक्ष व त्याचे वकील असताना. श्रीवर्धनच्या लिपिकाला एका दिवसात उच्च न्यायालय गाठता येईल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उलट टोकाचे उदाहरण आपल्या सीमेपलीकडच्या बैतूल जिल्ह्यातले आहे. मध्य प्रदेशच्या उपजिल्हाधिकारी निशा बांगरे यांनी जून २०२३ मध्ये राजीनामा दिला. प्रकरण कोर्टात गेले आणि राजीनामा मंजूर होईपर्यंत ऑक्टोबर उजाडला. आमला मतदारसंघात ज्या पक्षाकडून उमेदवारीची आशा होती, त्याने तोवर दुसरा उमेदवार जाहीर केला होता. नोकरी गेली आणि उमेदवारीही हुकली. दोन्ही प्रकरणांत आडवी आलेली गोष्ट एकच. निवडणूक जाहीर झाल्यापासून अर्जाच्या शेवटच्या दिवसापर्यंतचा काळ नोटिशीच्या काळापेक्षा बहुधा तोकडा असतो. २०२५ च्या नगरपरिषद निवडणुकांचा कार्यक्रम ४ नोव्हेंबरला जाहीर झाला, अर्जाची मुदत १७ नोव्हेंबरला संपली आणि छाननी १८ ला होती. जाहीर झाल्यावर राजीनामा लिहायला बसणारा तेव्हाच उशीर करून बसलेला असतो. छाननीच्या टेबलावर उपयोगी पडते ते राजीनामा मंजूर झाल्याचे पत्र. राजीनामा दिल्याची पोच तिथे चालत नाही.

राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांतला फरकही आधी समजून घ्यावा, कारण चूक इथे सर्वांत महाग पडते. १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे राजीनाम्याने आधीची सेवा जप्त होते. वीस वर्षे सेवा झालेल्याला स्वेच्छानिवृत्ती घेता येते आणि निवृत्तिवेतन वाचते, पण त्यासाठी तीन महिन्यांची नोटीस लागते. ज्याची अठरा-एकोणीस वर्षे झाली आहेत त्याने एका निवडणुकीसाठी ती पाण्यात घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘मी उभा राहत नाही, फक्त भावासाठी फिरतो, तेही रजा टाकून संध्याकाळी,’ असे म्हणणारे जास्त असतात. त्यांनाही रजेचा आडोसा मिळत नाही. पाचव्या नियमात मतदान करायला मोकळीक आहे, पण मत कोणाला ते दाखवायची नाही. प्रचार, वजन वापरणे, अंगावर, गाडीवर वा घरावर चिन्ह लावणे हे सगळे निषिद्ध आहे. बायको उभी असेल तर तिला अडवणारे यात काही नाही. प्रश्न उभा राहतो तो कर्मचाऱ्याच्या घरावर लागलेल्या झेंड्याचा. अर्जावर सूचक म्हणून सही करणे हाही सहभागच धरला जातो. लोकसभा-विधानसभेला मतदान वा मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसलात, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४अ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ही नागरिकाच्या हक्काची गळचेपी नाही का? मला हा आक्षेप पोकळ वाटत नाही, पण उमेदवारी हा मूलभूत हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५२ च्या पोन्नुस्वामी खटल्यातच सांगितले. आणि व्यवहारातही विचार करा: तलाठी सकाळी एका पक्षाचे पत्रक वाटतो आणि दुपारी दुसऱ्या पक्षवाल्याच्या सातबाऱ्याची नोंद घेतो, यावर गावाने विश्वास का ठेवावा?

खासगी नोकरीत गणित बदलते. तिथे उमेदवारीला कायद्याची आडकाठी नाही, पण रजा देण्याची सक्तीही मालकावर नाही. मतदानाच्या दिवशीची भरपगारी सुट्टी तेवढी हक्काची. बाकी सगळे नेमणूकपत्रावर आणि स्थायी आदेशांवर. सलग दहा दिवसांहून जास्त विनापरवानगी गैरहजेरी हे कारखान्यांतल्या स्थायी आदेशांत सहसा गैरवर्तन असते, आणि अर्ज भरण्यापासून मतदानापर्यंतचे दिवस त्याहून जास्तच भरतात. मालक रजा नाकारू शकतो, कंपनीची गाडी, गणवेश, नाव प्रचारात वापरायला मनाई करू शकतो. अमुक पक्षासाठी फिर किंवा अमुकाला मत दे, असे मात्र तो सांगू शकत नाही. रजा मागायचीच तर कारण न लपवता लेखी मागावी, कामावर परत येण्याची तारीख त्यात लिहून घ्यावी आणि मंजुरीची प्रत स्वतःकडे ठेवावी. साहेबांनी तोंडी ‘जा रे’ म्हटले होते, हे नंतर साहेबांनाच आठवत नाही.