दुसऱ्या कंपनीची कॅप्सूल चालेल का?

प्रश्न : मुलाने पुण्याहून नेस्प्रेसोचे ‘ओरिजिनल’ प्रकारातले कॉफी मशीन आणून दिले. कंपनीची कॅप्सूल महाग पडते. दुसरी स्वस्त वापरली तर मशीन बिघडेल का? वॉरंटी जाईल का?
— एक वाचक, वाशी (जि. धाराशिव)

उत्तर : वापरा, पण अ‍ॅल्युमिनियमचीच घ्या. (‘व्हर्टुओ’ मशीन असते तर हे अवघड गेले असते, ते कॅप्सूलच्या कडेवरचा बारकोड वाचते.)

खरी भीती गळतीची. दाबाने पाणी आत शिरताना कॅप्सूलची कड घट्ट बसावी लागते. मऊ अ‍ॅल्युमिनियम दबून बसते, कडक प्लॅस्टिक बसेलच असे नाही. मग पाणी कॉफीतून न जाता बाजूने निसटते. तपासायला खालचा ट्रे आणि वापरलेल्या कॅप्सूलचा डबा कोरडा करून एक कप काढा. कप नेहमीपेक्षा कमी भरला, कॉफी पांचट लागली आणि डब्यात चांगलेच पाणी साचले, तर तो ब्रँड सोडा.

भाव ग्रॅमवर काढा. समजा, 60 रुपयांच्या कॅप्सूलमध्ये 6 ग्रॅम कॉफी आहे आणि 45 रुपयांच्या कॅप्सूलमध्ये 5 ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला 10 आणि 9 रुपये. दिसते तेवढी बचत नाही. चवीसाठी भाजल्याची तारीख बघा.

वॉरंटीचे म्हणाल, तर कार्डावरच्या अटी आधी वाचा. परक्या कॅप्सूलमुळेच बिघाड झाला असेल, तर कंपनी दुरुस्ती नाकारू शकते. फ्रान्समध्ये स्पर्धा प्राधिकरणापुढे 2014 मध्ये नेस्प्रेसोने वॉरंटीच्या अटी सैल करण्याची हमी दिली, पण ती तिथल्यापुरती. वॉरंटी संपेपर्यंत बिल जपून ठेवा आणि नव्या ब्रँडचे आधी एकच पाकीट मागवा.