गोषवारा : चार वाक्यांची रचना

शोधनिबंधाचा गोषवारा वाचून वाचकाला चार गोष्टी कळाव्या लागतात : काय शोधायचे होते, ते कसे शोधले, किती आढळले आणि त्यावरून काय ठरले. प्रत्येकीसाठी एक वाक्य पुरते. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या क्षयरोगाच्या औषध-चाचणीचा गोषवारा आपल्याला असा लिहिता येईल :

“फुफ्फुसाच्या क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन कितपत उपयुक्त आहे हे पाहणे, हा अभ्यासाचा उद्देश होता. १०७ रुग्णांची यादृच्छिक विभागणी करून ५५ जणांना औषध व विश्रांती, तर ५२ जणांना केवळ विश्रांती देण्यात आली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४, तर दुसऱ्या गटातील १४ रुग्ण मरण पावले. या मुदतीत औषधाने मृत्यू कमी झाले, मात्र अनेक रुग्णांतील जंतू औषधाला दाद देईनासे झाले.”

तिसऱ्या वाक्याच्या जागी ‘मृत्यू लक्षणीय घटले’ असे लिहिल्यास किती घटले, हे वाचकाला कळत नाही. ४ आणि १४ या आकड्यांनाही ५५ व ५२ या गटसंख्यांमुळेच अर्थ येतो. म्हणून त्या गाळू नयेत.

चौथ्या वाक्यातील ‘या मुदतीत’ हे शब्दही आवश्यक आहेत. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील मृतांची संख्या अनुक्रमे ३२ आणि ३५ झाली. ‘औषधाने क्षयरोग बरा होतो’ असा निष्कर्ष कोणी लिहिला असता, तर तो टिकला नसता. आपला गोषवारा तपासताना निष्कर्षातील प्रत्येक शब्दाला आधीच्या वाक्यांत आधार आहे का, ते पाहावे.