दातांचे कवच

दाताच्या बाहेरच्या पांढऱ्या कवचाला दंतवल्क म्हणतात. मनुष्याच्या शरीरात त्याहून कठीण पदार्थ नाही. तरीही त्यात एक मोठे उणेपण आहे. मोडलेले हाड सांधते, खरचटलेली कातडी भरून येते; परंतु झिजलेले दंतवल्क पुन्हा वाढत नाही. ते घडविणाऱ्या पेशी दात उगवताच नाहीशा होतात. म्हणून दात घासण्याच्या प्रत्येक साधनाविषयी दोन प्रश्न विचारावेत : त्याने घाण निघते काय? आणि घाणीबरोबर कवचही निघते काय?

दातांवर रोज जो चिकट थर जमतो, त्याला किटण म्हणतात. त्यातील सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात व त्या आम्लाने दात किडतात. नुसती चूळ भरून किटण जात नाही. ते घासूनच काढावे लागते.

कोळशाच्या पुडीने ते निघते. चहाचे डागही खरवडले जातात व दात पांढरे दिसू लागतात. परंतु पूड खरबरीत असली, तर डागांमागोमाग दंतवल्कही झिजते. त्याच्या आत पिवळसर दंतिन असते. कवच पातळ झाले, की तो पिवळेपणा बाहेर डोकावतो आणि थंड पाणी दातांना झोंबू लागते. पांढरे करावयास जावे आणि पिवळे व्हावे, असा हा प्रकार! अमेरिकन दंतवैद्यांच्या नियतकालिकात २०१७ साली या विषयावरील संशोधनाचा आढावा प्रसिद्ध झाला. कोळसा गुणकारी व निर्धोक आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्यात आढळला नाही.

तेलाच्या गुळण्या आयुर्वेदात सांगितल्या आहेत. तेलाने कवच झिजत नाही. काही लहान प्रयोगांत किटण थोडे कमी झालेलेही दिसले. पण घासण्याची जागा तेल घेऊ शकत नाही. गुळणी करताना ठसका लागून तेल श्वासनलिकेत गेले, तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. कडुनिंबाचे तेल तर मुलांनी तोंडात घेऊच नये. ते पोटात जाऊन लहान मुलांना विषबाधा झाल्याची उदाहरणे आहेत.

कडुनिंबाची काडी मात्र या कसोटीला बरीच उतरते. ताज्या काडीचे टोक चावले, की त्याचा मऊ कुंचला होतो. त्याने किटण निघते आणि कडुनिंबाच्या रसाने काही जंतूंची वाढही मंदावते. परंतु दाढांच्या आतल्या बाजूस काडी नीट पोहोचत नाही व जोराने घासल्यास हिरड्या सोलवटतात.

या तिन्ही साधनांत एक उणीव सारखीच आहे. आम्लाने दुबळे होऊ लागलेले दंतवल्क पुन्हा बळकट करणारे फ्लुओराइड त्यांतून पुरेसे मिळत नाही. ते असलेली वाटाण्याएवढी पेस्ट मऊ ब्रशावर घेऊन सकाळी व रात्री दोन-दोन मिनिटे हलक्या हाताने दात घासावेत. सकाळी काडी वापरणाऱ्यानेही निदान रात्री निजण्यापूर्वी हे करावे. कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि दातांवरचे आम्ल धुऊन निघत नाही.